महावीर जयंतीच्या शुभेच्छांत बुद्धाचं चित्र. एआयचं लेबल लावून चूक भरून निघत नाही

चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली की निपाणी, चिकोडीपासून सांगली-कोल्हापुरापर्यंत मोबाईलवर महावीर जयंतीच्या शुभेच्छा फिरू लागतात. कार्यकर्ते, पतसंस्था, दुकानदार सगळेच पाठवतात. त्यात दरवर्षी काही चित्रं भगवान महावीरांची नसतातच. ती असतात गौतम बुद्धांची. या भागात जैन समाज मोठा आणि बहुतेक दिगंबर, त्यामुळे चूक लपत नाही. आता स्थिर चित्राच्या जोडीला हलणारे, बोलणारे व्हिडीओही आले आहेत.

चूक होते ती अशी. डिझाइन करणारा मुलगा फुकट चित्रांच्या साइटवर शोध घेतो. तिथे ध्यानस्थ, कुरळ्या केसांची कुठलीही मूर्ती एकाच ढिगात पडलेली असते. केसांवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण कुरळे केस दोन्हीकडे असतात. बघायचं ते अंगावर वस्त्र आहे का. बुद्धांच्या खांद्यावरून चीवर आलेलं असतं, निदान त्याची कड तरी दिसते. मग हात बघायचे. बसलेल्या तीर्थंकरांचे दोन्ही हात मांडीवर एकावर एक असतात. बुद्धही तसे बसतात, पण एक हात जमिनीला टेकलेला किंवा आशीर्वादासाठी उचललेला असेल, तर ते तीर्थंकर नव्हेत. छातीवर श्रीवत्स असेल तर मूर्ती जैन समजावी, मात्र आपल्याकडच्या जुन्या मूर्तींवर तो नेहमी दिसेलच असं नाही. शेवटी आसनावरचं चिन्ह: सिंह असेल तर महावीर. डोक्यावर नागफणा असेल तर बहुधा पार्श्वनाथ.

एवढं जमलं तरी पंथाचा प्रश्न उरतो. श्वेतांबर मूर्तीला बसवलेले, उघडे दिसणारे डोळे आणि अलंकार असतात. दिगंबर मूर्ती अनलंकृत असते आणि नजर झुकलेली. मुकुट घातलेली मूर्ती बोरगाव-सदलग्याच्या दिगंबर मंडळाच्या बॅनरवर छापली, तर ती चूक ठरत नाही, पण ‘आमची’ही वाटत नाही.

व्हिडीओत गोष्ट आणखी बिघडते. एआयला मूर्ती दिली की ते तिला पापण्या मिटायला लावतं, हसवतं, हात उचलून आशीर्वाद देववतं. पाहणाऱ्याला गोड वाटतं. पण तीर्थंकर वीतराग मानले जातात. ते प्रसन्न होत नाहीत, रागावत नाहीत, वर देत नाहीत. मूर्तीचं निश्चल असणं हाच तिचा अर्थ. ओठ हलवून मराठीत उपदेश करणारे महावीर तर दिगंबर परंपरेच्या थेट विरुद्ध जातात. तिथे केवलज्ञानानंतरची वाणी ही दिव्यध्वनी असते, ओठांची हालचाल न होता उमटणारी. ती उलगडून सांगतात गणधर. शिवाय ही साधनं नग्नता टाळण्यासाठी परस्पर धोतर नेसवतात. बनवणाऱ्याला ते सभ्य वाटतं, पण दिगंबर माणसासाठी तिथे मूर्तीच बदललेली असते.

आता लेबलचं. यूट्यूबने २०२४ पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम व्हिडीओवर तसं जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. उघड कार्टून असेल तर त्याची गरज नाही. केंद्र सरकारचे सुधारित आयटी नियम २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले, त्यांतही कृत्रिम दृश्यावर ठळक लेबल हवं असं म्हटलं आहे. नियम चांगलेच आहेत. पण लेबल सांगतं ते चित्र कसं बनलं. चित्र कुणाचं आहे आणि परंपरेला धरून आहे का, हे ते सांगत नाही. उलट खूण दिली की जबाबदारी संपली असा समज होतो. शिवाय यूट्यूबच्या पानावरची खूण व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपसोबत येत नाही. म्हणून ‘संगणकनिर्मित कल्पनाचित्र’ हे शब्द चित्रातच, मराठीत, आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत दिसतील असे हवेत. साठ्यातला फोटो खऱ्या मूर्तीचा असेल तर मंदिराचं आणि गावाचं नाव द्यावं. ते सापडत नसेल तर फोटो वापरूच नये.

स्थानिक पातळीवर सोपा मार्ग आहे. गावच्या बस्तीतल्या पंडितांना किंवा विश्वस्तांना विचारून तिथल्याच मूर्तीचा फोटो घ्यावा. गाभाऱ्यात कॅमेरा चालतो का, हेही त्यांनाच विचारावं. व्हिडीओ हवाच असेल तर मूर्ती स्थिर ठेवून कॅमेरा सरकवावा, दिवा हलू द्यावा, आवाज निवेदकाचा ठेवावा. आणि मूर्तीबद्दल शंका असेल तर जैन प्रतीक आहेच: तळहातावर ‘अहिंसा’, वर स्वस्तिक, तीन बिंदू आणि सिद्धशिला. महावीर निर्वाणाच्या २५००व्या वर्षी, १९७४-७५ मध्ये, सर्व पंथांनी मिळून ते स्वीकारलं. त्यात चेहरा नाही, त्यामुळे चेहरा चुकण्याचा प्रश्नही येत नाही. बॅनर छापायला टाकण्याआधी एखाद्या श्रावकाला व्हॉट्सॲपवर दाखवून घ्यायला पाच मिनिटं लागतात.