विशेषणांची निर्यात

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी 'करिअर मार्गदर्शन' नावाचे एक शिबिर भरते. त्यात लिंक्डइनवर आपला व्यावसायिक परिचय इंग्रजीत कसा लिहावा, हे तासाभरात शिकवले जाते. फळ्यावर विशेषणांची एक यादी येते: डायनॅमिक, पॅशनेट, रिझल्ट-ओरिएंटेड, टीम प्लेअर. मुले ती मुकाट्याने उतरवून घेतात. शिबिर संपल्यावर स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य असे: "मराठीची मुले, इंग्रजी कच्चे. दुसरे काय होणार?"

या वाक्याशी आमचे भांडण आहे. हे परिचय बिघडतात ते इंग्रजी कच्चे असल्यामुळे नव्हे. किमान मुख्यतः त्यामुळे नव्हे. ते बिघडतात, कारण आम्ही मराठीच्या अध्यापकांनी या मुलांना परिचय नावाचा प्रकार विशेषणांत लिहायला शिकवले आहे. व्यासपीठावरचा वक्त्यांचा परिचय आठवून पाहा. 'व्यासंगी अभ्यासक, सिद्धहस्त लेखक, विद्यार्थिप्रिय प्राध्यापक' असे ऐकल्यानंतरही त्या गृहस्थांनी नेमके काय केले, हे सभागृहात कोणालाच कळलेले नसते. तोच माल डायनॅमिकच्या वेष्टनात पुढे इंग्रजीत निर्यात होतो. लिंक्डइनने 2010 साली परिचयांतल्या घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांचा आढावा घेतला, तेव्हा भारतीयांच्या नावापुढे 'डायनॅमिक' हाच शब्द निघाला होता. अमेरिकनांच्या वाट्याला 'एक्स्टेन्सिव्ह एक्स्पिरिअन्स' आले. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, तेही पोकळ लिहितातच. तेव्हा पोकळपणाचा दोष इंग्रजीच्या कच्चेपणावर ढकलता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी, एम. ए. मराठी, मागे आमच्याकडे आली. 2014 पासून ती पुण्यात मुद्रितशोधन करते आणि गेली तीन वर्षे इंग्रजी माहितीपटांना मराठी सबटायटल्स लिहिते. प्रकाशकांकडचे काम आटत चालले होते आणि सबटायटल्सचे काम देणारी माणसे दूरदूरच्या शहरांत होती. ती परिचय वाचूनच ठरवणार. तिने लिहून आणले होते ते असे: 'आय अ‍ॅम अ डायनॅमिक अँड पॅशनेट लँग्वेज प्रोफेशनल हॅविंग रिच एक्स्पिरिअन्स इन द फील्ड ऑफ मराठी. आय अ‍ॅम वर्किंग अ‍ॅज प्रूफरीडर सिन्स 2014. आय हॅव डन माय पोस्ट-ग्रॅज्युएशन फ्रॉम पुणे.'

या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या जातींचे दोष आहेत आणि शिबिरे त्यांची सरमिसळ करतात, म्हणून ते सुटे करून पाहू.

'आय अ‍ॅम वर्किंग सिन्स 2014' हा व्याकरणाचा दोष. तो येतो मराठीतून. 'मी 2014 पासून काम करते आहे' या आपल्या वाक्यात वर्तमानकाळ अगदी बरोबर बसतो. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेसाठी 'हॅव बीन वर्किंग' लागते. हा फरक दहा मिनिटांत समजावता येतो, आणि तो समजावण्यास दोन्ही भाषांची क्रियापदव्यवस्था जाणणारा मराठीचा शिक्षकच अधिक लायक आहे. 'अ‍ॅज प्रूफरीडर'मधले गळालेले 'अ'ही त्याच जातीचे: मराठीत उपपद नाही, म्हणून ते सुटते.

'पोस्ट-ग्रॅज्युएशन फ्रॉम पुणे' हा दोष नव्हेच, ती भारतीय इंग्रजीची सवय आहे. नागपूरचा किंवा बंगळूरचा वाचक ती बिनदिक्कत समजतो. लंडनच्या वाचकाला मात्र 'ग्रॅज्युएशन' म्हटले की पदवीदान समारंभ आठवतो. वाचक कोण, यावर ती ठेवायची की बदलायची हे ठरवावे. तिला पाप समजून शिक्षा करणाऱ्यांचे आम्ही ऐकणार नाही.

खरा रोग पहिल्या वाक्यात आहे, आणि गंमत अशी की 'हॅविंग' सोडले तर शिबिराला तेच वाक्य सर्वांत आवडले असते. त्यात क्रियापद एकच, 'आहे'. काम कुठेच नाही. 'इन द फील्ड ऑफ मराठी' म्हणजे आपले 'मराठीच्या क्षेत्रात'; ते मराठीतही काही सांगत नाही, तर इंग्रजीत काय सांगणार?

आम्ही तिला कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, "आजवर किती पुस्तकांची प्रुफे पाहिलीस?"

"एकशेचाळीसच्या आसपास असतील, सर. निम्मी मुलांची."

"आणि माहितीपट कशावरचे?"

"जंगलावरचे, शेतीवरचे. पण एक सांगू का? पुष्कळजण आधी झालेल्या हिंदी भाषांतरावरून मराठी करतात. मी इंग्रजी ऐकून करते."

परिचय इथेच तयार झाला होता. फक्त लिहायचा राहिला होता. शेवटी उभा राहिलेला मजकूर असा: 'आय एडिट अँड सबटायटल इन मराठी. सिन्स 2014 आय हॅव प्रूफरेड अबाउट 140 बुक्स फॉर पुणे पब्लिशर्स, हाफ ऑफ देम फॉर चिल्ड्रन. फॉर द लास्ट थ्री इयर्स आय हॅव ऑल्सो रिटन मराठी सबटायटल्स फॉर इंग्लिश डॉक्युमेंटरीज, मोस्टली ऑन वाइल्डलाइफ अँड फार्मिंग. आय वर्क फ्रॉम द इंग्लिश ऑडिओ, नॉट फ्रॉम अ हिंदी व्हर्जन. आय अ‍ॅम लुकिंग फॉर सबटायटलिंग अँड कॉपी-एडिटिंग वर्क.'

यात दहावीच्या मुलाला अडेल असा शब्द नाही. स्वतःविषयीचे विशेषण एकही नाही. रोमन लिपीत हा मजकूर चारशे अक्षरांच्या आत बसतो. परिचयाच्या रकान्यात 2600 अक्षरांची मुभा आहे, पण ती भरलीच पाहिजे असे नाही. शिवाय पानावर सुरुवातीला वरच्या मोजक्या ओळीच दिसतात, बाकीचे उघडून वाचावे लागते. म्हणून 'मी काय करते' हे पहिल्या वाक्यात हवे, पदवी नंतर आली किंवा शिक्षणाच्या वेगळ्या रकान्यात राहिली तरी चालते. 'आय' लिहायला लाजू नये. वक्तृत्वमंडळाच्या परिचयासारखे स्वतःबद्दल तृतीयपुरुषात लिहिले की इंग्रजी वाचकाला ते दुसऱ्याने लिहिल्यासारखे वाटते, आणि इथे तर ते स्वतःच लिहिलेले आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते.

मजकूर स्वाभाविक आहे की नाही, हे ओळखण्यासाठी आम्ही तिला एकच गोष्ट करायला लावली. फोनवर एका अनोळखी माणसाने 'आपण काय करता?' असे विचारले आहे, असे समजून मोठ्याने वाचायचे. पहिला मसुदा वाचताना 'डायनॅमिक'पाशी तिला स्वतःलाच हसू फुटले. दुसरा तिने सरळ वाचून संपवला.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्याजवळ 140 पुस्तके नाहीत त्या नुकत्या पदवीधराने काय लिहावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तितके सोपे नाही. एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी एखाद्या मुलाने तालुक्यातल्या ओव्या गोळा करून लिहून काढल्या असतील तर ते क्रियापद आहे. महाविद्यालयाच्या अंकाचे संपादन केले असेल तर तेही आहे. पण दोन वर्षे त्याने केवळ आमच्या नोट्स उतरवून घेतल्या असतील, तर कोणतेही इंग्रजी त्याच्या उपयोगी पडणार नाही, आणि त्या रिकामेपणाचा जाब शिबिरवाल्यांना नव्हे, आम्हाला विचारला पाहिजे.

एक कबुली द्यायची राहिली. हिंदीबद्दलचे ते वाक्य आम्ही खोडले होते. दुसऱ्यांवर टीका कशाला, असे आम्हाला वाटले. तिने ते परत घातले. म्हणाली, "सर, बाकीचे कोणीही लिहील. हे मीच लिहू शकते." आम्ही गप्प बसलो. आणि त्याच संध्याकाळी लिंक्डइनवरचे आमचे स्वतःचे पान उघडून पाहिले. तिथे बरीच वर्षे 'अ डेडिकेटेड अकॅडमिशियन हॅविंग' अशी सुरुवात होती.