ठेका आणि नजर

संकलकाच्या टाइमलाइनवर गाण्याचे ठोके स्पष्ट दिसतात, म्हणून कट त्यांवरच मारायचा मोह होतो. मिनिटाला १२० ठोक्यांचे संगीत आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दर १२ फ्रेमला एक ठोका येतो. समजा, निरोप घेणारी मुलगी ३०व्या फ्रेमला नजर खाली वळवते. ठोके आहेत २४ आणि ३६वर. २४वर कापले तर तिचा निर्णय दिसतच नाही; ३६वर कापले तर तो होऊन गेल्यावरही आपण रेंगाळतो. कट ३१वरच हवा. संकलक वॉल्टर मर्च यांनीही कटाच्या निकषांत भावनेला ५१ टक्के आणि लयीला फक्त १० टक्के वजन दिले आहे. कोणी म्हणेल, ठेका सोडला तर दृश्य ढिले पडेल. पण ठोका कटावरच पडायला हवा असे नाही. पुढच्या शॉटमध्ये दार ३६व्या फ्रेमला आपटले, तरी कान समाधानी होतो. उलट चार-पाच कट सलग ठोक्यावर आले की प्रेक्षक पुढचा कट आधीच ओळखतो आणि चेहरे पाहणे सोडतो. ‘व्हिपलॅश’सारख्या चित्रपटात ठोक्यावरचे कट शोभतात, कारण तिथे ताल चुकणे हाच कथेतला संघर्ष आहे. इतरत्र आवाज बंद करून दृश्य पाहावे. कट विनाकारण वाटले, तर ते कथेने नव्हे, ढोलाने मारलेले आहेत.