चाँदरातीची मेंदी आणि खालांचं उत्तर

रमजानचा तिसरा अशरा सुरू झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इफ्तारीचे फोटो मागे पडतात आणि हात दिसू लागतात. परवा मिरजेहून भाचीने आपल्या डाव्या हाताचे दोन फोटो टाकले. ईदच्या आधीचा सराव म्हणून तिने स्वतःच मेंदी काढली होती. तळव्याच्या मधोमध एक भरलेली गोल टिकी, तिच्याभोवती पाकळ्यांचं एक कडं आणि बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत पूर्ण रंगवलेली. हाताच्या पाठीवर मनगटापासून तर्जनीकडे तिरकी गेलेली बेल, बेलीवर तीन कैऱ्या आणि प्रत्येक कैरीच्या पोटात केसासारखी बारीक जाळी.

फोटोखाली नेहमीप्रमाणे माशाअल्लाह आणि लाल बदामांची रांग लागली. थोड्या वेळाने भिवंडीच्या आमच्या खालांचा मजकूर आला. काडेपेटीच्या काडीने अर्ध्या मोहल्ल्याचे हात रंगवण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी लिहिलं होतं, "बेटी, माशाअल्लाह, हात फार गोड दिसतोय. टिकी अशी गोल आलीय की जणू वाटी ठेवून काढलीस. बोटांना टोप्या घातल्यास, माझ्या अम्मीची आठवण आली. बेल सरळ न नेता तिरकी नेलीस, त्याने बोटं लांब वाटतात. फक्त कैरीतली जाळी ईदला मोठी कर. आज दिसते आहे ती मेंदी आहे, रंग नाही. पाठीवर एवढी बारीक रेघ टिकत नाही, दुवा दे मला."

कौतुक करता करता खालांनी मेंदीचं सगळं शास्त्र सांगून टाकलं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते कातडीच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. जिथे हा थर जाड, तिथे रंग गडद. तळवे, बोटांची टोकं आणि पावलं इथे तो सर्वांत जाड असतो. हाताच्या पाठीवर पातळ. म्हणून टिकी आणि टोप्या ही जुनी साधी नक्षी बरोबर त्याच जागी बसते, जिथे मेंदी सर्वांत जास्त रंगते. आपण तिला आजीच्या काळातली, गावठी म्हणून बाजूला सारली. पण ती काढणाऱ्या बायकांना कातडी ठाऊक होती.

पाठीवरच्या बारीक जाळीचं दुखणं दुहेरी आहे. कातडी पातळ, त्यात बारीक रेघेत मेंदी थोडी, ती लवकर सुकते आणि सुकली की रंग देणं थांबतं. म्हणून पाठीला जाड रेघ आणि मोकळी जागा असलेली, ज्याला आपण अरबी म्हणतो ती नक्षी शोभते. भाचीची बेल त्याच जातीची आहे. कैरीच्या पोटात जाळीऐवजी एक ठसठशीत ठिपका असता तरी पुरे होतं.

पण नक्षीपेक्षा मोठा प्रश्न घड्याळाचा आहे. खरी मेंदी निदान सहा तास हातावर राहावी लागते. खरवडल्यावर हात नारिंगी दिसतो. तो रंग हवा लागून हळूहळू चढतो आणि तपकिरी-लाल व्हायला एक ते दोन दिवस घेतो. आता चाँदरातीचा हिशेब मांडा. एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबनंतर चाँद दिसला, नऊला बाजारात गर्दी, दहाला हात रंगला, झोप येते म्हणून साडेअकराला धुतला आणि सकाळी ईदच्या नमाजच्या वेळी रंग गडद हवा. हे पानाला जमत नाही. जे पानाला जमत नाही ते जमवण्यासाठी कोनमध्ये रसायन येतं.

काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या कलपातलं पॅराफिनिलीनडायअमीन. कलपात ते मोजून असतं; कोनमध्ये किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. काहींना दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी खाज सुटते आणि फोड उठतात. ते फोड कुठेही उठत नाहीत, नेमके नक्षीच्या रेघेवर उठतात. बेल, कैरी, पान, सगळं सुजून वर येतं. एकदा शरीराला या द्रव्याचं वावडं झालं की ते बहुधा जन्मभर राहतं आणि पुढे कधी केसांना कलप लावला तर चेहरा सुजतो. लहान मुलींच्या हातावर हे काढताना पाहिलं की मला राग येतो, आणि तो राग लपवावा असं वाटत नाही.

ओळखायला फार अक्कल लागत नाही. मेंदी नारिंगी, लाल किंवा तपकिरी होते. तासाभरात काळा रंग देणारी वस्तू मेंदी नव्हे. पान आणि लिंबू यांचा कोन साध्या हवेत काही दिवसांतच निकामी होतो, तो फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो. दुकानात महिनोन् महिने टांगून राहिलेला कोन अजूनही रंगत असेल, तर आत आणखी काहीतरी आहे. कलपाचा किंवा रॉकेलचा वास येत असेल तर विचारायलाच नको.

घरी करायची असेल तर मेंदीची पूड वस्त्रगाळ करा, नाहीतर कोनचं तोंड तुंबतं आणि भाचीसारखी गोल टिकी येत नाही. लिंबाच्या रसात दह्याइतकी घट्ट कालवा, थोडी साखर घाला म्हणजे ती हाताला धरून राहते. झाकून ठेवा, उन्हाळ्यात सहा-आठ तास, थंडीत रातभर. वरचा थर तपकिरी आणि आतून हिरवी दिसली की तयार झाली. खात्री करायला तळव्यावर एक ठिपका ठेवा. पाच मिनिटांनी पुसल्यावर नारिंगी डाग राहिला पाहिजे.

आणि मुहूर्त असा धरा. अठ्ठावीसावा रोजा सोडून, तरावीह आटोपून रात्री दहाला मेंदी लावा आणि सहरीच्या आधी खरवडा. एकोणतिसाव्याला चाँद दिसला तर ईदच्या सकाळपर्यंत रंगाला एक दिवस मिळतो, नाही दिसला तर दोन. दोन्हीकडून फायदा. फजरच्या वजूची काळजी नको. सुकलेलं मेंदीचं पापुद्र मात्र पूर्ण काढायला हवं, कारण त्याच्याखाली पाणी पोचत नाही. उरलेला रंग वजूच्या आड येत नाही. नेलपॉलिशचा थर येतो, रंगाला थर नसतो. वजूच्या पाण्याने मेंदी फारशी बिघडत नाही, साबण आणि भांडी बिघडवतात. त्या दिवशीची भांडी घरातल्या भावांनी घासली तर रोजा मकरूह होत नाही.

ज्यांना चाँदरातीलाच बसायचं आहे, त्या गर्दीची, बांगड्यांची मजा सोडायची नाही, त्यांनी खालांचं ऐकावं. पाठीच्या जाळीत तास घालवू नये. तळव्यावर टिकी, बोटांना टोप्या. एका हाताला दहा मिनिटं लागतात. लावून झोपावं आणि फजरला खरवडावं. ईदच्या सकाळी हात नारिंगीच असेल, गळाभेटीत ते कुणाला दिसतही नाही. बासी ईदला, शीरखुर्म्याचं पातेलं तळाला गेलेलं असतं आणि आपण पाहुण्यांकडे जायला निघतो, तेव्हा टिकी लाल झालेली असते.