आधी एक वाक्य, मग थर्माकोल

सायन्स फेस्टची नोटीस लागली की कॅन्टीनमध्ये पहिली चर्चा विषयावर होत नाही. 'मॉडेल करायचं की पोस्टर?' यावरच सगळे वाद सुरू होतात. आणि दहापैकी आठ टीम्स मॉडेलवर जातात, कारण मॉडेलभोवती गर्दी जमते. माझं म्हणणं असं, की गर्दी मार्क देत नाही. मार्क देतो तो हातात पॅड घेऊन फिरणारा परीक्षक, आणि त्याच्याकडे तुमच्यासाठी जेमतेम पाच मिनिटं असतात. तीस टीम्स असतील तर पाच मिनिटांच्या हिशेबानेही त्याचे अडीच तास जातात. त्यामुळे मॉडेल, पोस्टर, रिपोर्ट की पथनाट्य हे ठरवताना 'काय भारी दिसेल' हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्याला नेमकं काय सांगायचंय आणि ते पाच मिनिटांत कशातून पोहोचेल, हे आधी विचारा.

एक उदाहरण घेऊ. विषय, कॉलेजच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी. टीम चौघांची, हातात दहा दिवस, लेक्चर्स सांभाळून प्रत्येकी रोज दोन तास. म्हणजे एकूण 80 तास. गुणांचा तक्ता समजा असा आहे: विषयाची समज 25, स्वतः केलेलं काम आणि त्याचं विश्लेषण 35, मांडणी 20, प्रश्नोत्तरं 20. हा तक्ता नोटिशीत नसेल तर सरांकडे जाऊन मागा. तो न बघता फॉर्म ठरवणं म्हणजे पेपर पॅटर्न न बघता अभ्यास करणं.

आता पहिलं काम. तुम्हाला जे सांगायचंय ते एका वाक्यात लिहा. 'पाणी वाचवा' हे वाक्य नाही, ती घोषणा झाली. वाक्य असं हवं: 'आपल्या गच्चीवर पडणारं पाणी भरपूर आहे, पण आपली टाकी ते साठवू शकत नाही.' हे सिद्ध करायला आकडे लागतात आणि ते काढता येतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. टेपने गच्ची मोजली, 600 चौरस मीटर भरली. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरा. गुणाकार केला की 4,20,000 लिटर. उडून, जिरून, सांडून यातलं 20 टक्के जाईल असं मानलं, तरी 3,36,000 लिटर उरतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात हे 33 टँकर झाले.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. एखाद्या दिवशी 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच गच्चीवरून 24,000 लिटर पाणी खाली येतं. तुमची टाकी 20,000 लिटरची असेल तर ती एका दिवसात भरून वाहू लागते. म्हणजे 33 टँकर 'वाचले' असं म्हणता येत नाही. बाकीचं पाणी जमिनीत मुरवायचं की मोठी टाकी बांधायची, हा पुढचा प्रश्न. हा विचार म्हणजेच त्या 35 मार्कांचं विश्लेषण.

या वाक्यासाठी मॉडेल काय करेल? थर्माकोलची इमारत, स्ट्रॉचे पाइप आणि निळा रंग. दिसायला छान, पण त्यात 24,000 विरुद्ध 20,000 कुठेच दिसत नाही. शिवाय 80 पैकी निम्मे तास कापण्या-चिकटवण्यात सहज जातात आणि मोजमाप शेवटच्या रात्रीवर येतं. वर सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे. पर्यावरणाच्या विषयावर तोच वापरलात तर परीक्षकाचा पहिला प्रश्न काय असेल, ते सांगायला नको. इथे पोस्टर जिंकतं. एक मोठा आलेख, त्यात पावसाच्या दिवसांचे बार आणि टाकीच्या क्षमतेची आडवी लाल रेघ. रेघेच्या वर गेलेले बार बघून परीक्षकाला दहा सेकंदांत मुद्दा कळतो. उरलेली जवळजवळ पाच मिनिटं तुमची.

तासांची वाटणी मी अशी करेन: मोजणी आणि वॉचमनकाकांच्या रजिस्टरमधून टँकरच्या नोंदी उतरवणं 40, हिशेब 15, पोस्टर 10, बोलण्याची प्रॅक्टिस 10 आणि प्रिंटरवाल्याने हात वर केले तर म्हणून 5. पोस्टर प्रिंटला देण्याआधी एक चाचणी करा. ए-फोर कागदावर छोटी प्रिंट काढा आणि हात लांब करून धरा. बारीक अक्षर वाचता आलं नाही तर मजकूर जास्त झालाय, तो कापा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले फोटो वापरू नका, मोठ्या प्रिंटमध्ये ते फुटतात. मूळ फाइल घ्या.

आता तोच विषय, पण वाक्य बदलू: 'पावसाचं पहिलं घाण पाणी कुणी व्हॉल्व्ह न फिरवता आपोआप बाजूला काढता येतं.' इथे मात्र मॉडेलच हवं. गच्चीची धूळ, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारं पहिलं पाणी एका उभ्या, खालून बंद पाइपमध्ये भरतं. त्यातला चेंडू पाण्याबरोबर वर तरंगतो, पाइपचं तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. हे चित्रात समजवायला तीन मिनिटं लागतात, डोळ्यांसमोर घडलं तर वीस सेकंद. मॉडेलमध्ये आधी मातीने गढूळ केलेलं पाणी ओता, मग साधं. शेवटच्या बाटलीत गढूळ पाणी आलं तर चेंडू तोंडाशी नीट बसत नाहीये. बऱ्याचदा कापलेल्या पाइपची कड खडबडीत असते, ती घासून घ्या. दहा वेळा ओतून बघा. दोनदा जरी फसलं तरी मोबाइलमध्ये यशस्वी व्हिडिओ तयार ठेवा.

रिपोर्टचं काय? परीक्षक आधी घरी नेऊन वाचणार असेल तर रिपोर्टइतकं भक्कम दुसरं काही नाही, कारण तुमच्या मोजणीची पद्धत आणि तिच्या मर्यादा तिथेच पूर्ण मांडता येतात. पण स्टॉलवर तीस पानं कुणी वाचत नाही. तिथे चार पानं पुरेत, प्रश्नोत्तरांत 'हा बघा तक्ता' म्हणून पुढे करायला.

आणि पथनाट्य तेव्हाच, जेव्हा तुमचं वाक्य माणसांच्या वागण्याबद्दल असेल. उदाहरणार्थ, 'टाकी आहे, पण गच्ची साफ कुणी करायची यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.' हे भांडण नाटकात मस्त उभं राहतं. आकडे मात्र नाटकात टिकत नाहीत. प्रेक्षक फार तर एक आकडा लक्षात ठेवतो. वरच्या तक्त्यात विश्लेषणाला 35 मार्क आहेत, तिथे नुसतं नाटक महागात पडेल.

ठरल्यावर एक शेवटची तपासणी. मॉडेलवर ओढणी टाका आणि मित्राला विषय समजवून सांगा. त्याला सगळं कळलं, काहीच अडलं नाही, तर ते मॉडेल शोभेचं आहे. अजून दिवस हातात असतील तर ते बाजूला ठेवा आणि टेप घेऊन गच्चीवर जा.