धावणारे पाय आमचे, शिट्टी कोणाच्या हातात?

अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, वालचंदनगर. या पट्ट्यात पहाटे पाच वाजता कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. उसाच्या कडेने, कालव्याच्या वाटेने पोरं-पोरी पळताना दिसतील. यातले बहुतेक जण खेळाडू म्हणून नाही, भरतीसाठी पळतात. आपल्या वस्तीतली पोरंही त्यात आहेत आणि त्यांची संख्या कमी नाही. आम्हीही कधीकाळी त्यातच होतो, म्हणून हा विषय बाहेरून लिहीत नाही.

2024 साली राज्यात पोलीस भरती झाली. 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. नव्व्याण्णव जण घरी परत जाणार, हे गणित मैदानावर कोणी बोलत नाही. त्या नव्व्याण्णवांनी चार-चार वर्षे शरीर झिजवून जे कमावले, ते वाया गेले असे आपण मानतो. आमचे म्हणणे असे की ते वाया जात नाही. पण त्याचे ज्ञानात रूपांतर केले नाही, तर नक्की जाते.

आधी थोडा इतिहास. पालवणकर बाळू हे नाव आपल्याला माहीत आहे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखायचे आणि सरावाच्या जाळीत साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली गेली नाही. फलंदाजी मोठ्यांची, चेंडू टाकण्याची मेहनत यांची. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हेही आम्ही लपवत नाही. तो वाद वेगळा. इथे मुद्दा इतकाच की आपले शरीर वापरायला व्यवस्थेची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती निर्णय आपल्या हातात देण्याला. मैदानावर निर्णय घेतो तो प्रशिक्षक. आज आपल्या गावात शिट्टी कोणाच्या हातात आहे आणि त्याला काय येते, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्यासोबत पळणारा एक मुलगा होता. पोलीस भरतीत शारीरिक चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. 1600 मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर 5 मिनिटे 10 सेकंदांत पोचावे लागते. म्हणजे 400 मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. हा मुलगा सुरुवातीला 6 मिनिटे 10 सेकंद घ्यायचा, म्हणजे फेरीला साडेब्याण्णव सेकंद.

त्याला शिकवणारे 'सर' स्वतः एकदा भरतीत उतरलेले, मनाने चांगले. पण त्यांची पद्धत एकच. पन्नास पोरांना रोज पाच किलोमीटर, डांबरी रस्त्यावर, जीव तोडून. मागे पडला तर उठाबशा. दोन महिन्यांत मुलगा 5 मिनिटे 58 सेकंदांवर आला आणि तिथेच थांबला. मग नडगी दुखू लागली. सर म्हणाले, "दुखणं पळून जाईल, तू पळत राहा."

इथे काय चुकले? पहिली गोष्ट, रोज एकाच दमात तेवढेच अंतर पळाले की शरीर तेवढ्याच वेगाला सरावते. फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पळायची असेल, तर त्या वेगाच्या आसपास पळण्याची सवय पायांना, फुफ्फुसांना लावावी लागते. तो वेग सलग चार फेऱ्या टिकत नाही, म्हणून तुकडे करायचे. त्या मुलासाठी आठवड्यातून एकदा पाच वेळा 400 मीटर, प्रत्येक फेरी 86 ते 88 सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटे चालत विश्रांती. पाचवी फेरी पहिलीइतक्याच वेळेत आली, तर वेग बरोबर. पाचवी आठ-दहा सेकंदांनी ढासळली, तर सुरुवात जास्त जोरात झाली. तीन-चार आठवड्यांनी वेळ दोन सेकंद कमी करायची. तीन दिवस इतक्या सावकाश पळायचे की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. एक दिवस ताकद आणि गोळाफेक, एक दिवस शंभर मीटरचा सराव, एक दिवस पूर्ण विश्रांती. आणि फेरीचे अंतर टेपने मोजायचे. पावलांनी मोजलेल्या मैदानावर आलेली वेळ खोटी असते, हे भरतीच्या दिवशीच कळते.

दुसरी गोष्ट नडगीची. नडगीच्या आतल्या कडेने हातभर नाही, पण चार-पाच बोटे लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणे कमी होत असेल, तर ती बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज. पळणे दोन-तीन आठवडे कमी केले, मातीवर पळाले, बूट बदलले की ती सहसा उतरते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एकदा उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. तेव्हा पळणे लगेच बंद करून डॉक्टरकडे जायचे. सुरुवातीच्या क्ष-किरण फोटोत हा तडा अनेकदा दिसत नाही. म्हणून 'फोटो साफ आहे, पळ' म्हणणारा प्रशिक्षक पोराचे सहा-आठ आठवडे नाही, कधी कधी पूर्ण भरती घालवतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटते. त्यांना 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांत पूर्ण गुणांसाठी पळायचे असते. एखादी मुलगी सराव नीट करूनही महिनोन्‌महिने हळूच होत जाते, लवकर धाप लागते. सर म्हणतात, आळस आहे. आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल, तर तिला शिक्षेची नाही, उपचाराची गरज आहे. हे ओळखणे म्हणजेच क्रीडाविज्ञान. ते फक्त बालेवाडीच्या खेळाडूंसाठी नाही.

त्या मुलाने पाच आठवडे पळणे थांबवले, मग नव्या पद्धतीने सुरुवात केली. भरतीच्या वेळी तो 5 मिनिटे 28 सेकंदांत पोचला. पूर्ण गुण नाहीत, आणि लेखी परीक्षेत तो मागे पडला. निवड झाली नाही. पण एव्हाना वस्तीतली लहान पोरं नडगी दुखली की त्याच्याकडे यायला लागली होती. आम्ही त्याला म्हणालो, "हेच तुझं काम आहे. आता याचा कागद मिळव."

कागद कसा मिळतो? तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा निर्णय वेगळ्या वयात घ्यावा लागतो.

पहिली वाट शाळेतल्या क्रीडाशिक्षकाची. कोणत्याही शाखेची पदवी, मग राज्याची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचे बी.पी.एड. प्रवेशात मैदानी चाचणीही असते, त्यामुळे पळणारी पोरं इथे मागे नसतात. अडचण पुढे आहे. अनुदानित शाळांतल्या जागा थोड्या निघतात, आणि खासगी संस्थांतला पगार अनेकदा हातात घेऊन मोजण्यासारखा नसतो. म्हणून बी.पी.एड.ला शेवट न मानता त्यावर एखाद्या खेळाचे प्रशिक्षण जोडावे.

दुसरी वाट प्रशिक्षकाची. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवते. तिथे एक वर्षाची पदविका आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही. पदविकेसाठी पदवीबरोबर खेळातली कामगिरी मागतात, म्हणजे राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळीवरच्या सहभागासारखी. इथेच आपली पोरं अडकतात. भरतीसाठी चार वर्षे पळाली, पण कॉलेजच्या संघातून एकदाही उतरली नाहीत, त्यामुळे दाखवायला काही नाही. इंदापूर-बारामतीच्या कॉलेजात असाल तर पहिल्याच वर्षी क्रीडा संचालकांना भेटा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव द्या, आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. नेमकी अट अर्जाच्या वर्षाच्या जाहिरातीत वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तिसरी वाट शास्त्राची. फिजिओथेरपी, व्यायामशरीरशास्त्र, क्रीडापोषण. फिजिओथेरपीला बारावी विज्ञान, जीवशास्त्र आणि नीट लागते. म्हणजे हा निर्णय दहावीनंतर घ्यायचा, भरतीत नापास झाल्यावर नाही. 'सायन्स आपल्याला झेपत नाही' हे वाक्य आपल्या मुलांच्या कानात कोण घालते, याचाही विचार करा.

जिमचा मार्ग सर्वात सोपा दिसतो, म्हणून तिथे फसवणूक जास्त. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारे भरपूर आहेत. घेण्याआधी एकच विचारा: यात शरीररचना, दुखापत आणि प्रथमोपचार शिकवून परीक्षा घेतात का? पावडरचे डबे खपवायला शिकवत असतील, तर तो धंदा आहे, शिक्षण नाही. आणि इंजेक्शनचा विषय निघाला की त्या दारातून मागे फिरा.

पैशाचे काय? बी.पी.एड.सारख्या अभ्यासक्रमाला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. पण जात पडताळणी प्रमाणपत्र प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाही. ते बारावीतच काढून ठेवा. आमच्या डोळ्यांदेखत एका मुलीची जागा या एका कागदापायी गेली.

डिसेंबर 2024 मध्ये राज्याचे क्रीडाखाते इंदापूरच्याच आमदारांकडे आले आणि 2025 मध्ये ते दुसऱ्याकडे गेले. खाती अशीच येतात-जातात. त्याने अंथुर्ण्याच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोराची नडगी बरी होत नाही. ती बरी होईल त्याच्याच वस्तीतले कोणी शिकून परत आले तर. म्हणून प्रत्येक बुद्धविहाराच्या समितीने या वर्षी दोन कामे करावीत. पळणाऱ्या पोरांच्या वेळा आणि दुखापती एका वहीत लिहायला लावाव्यात. आणि त्या वहीत जो सर्वात नीट लिहितो, दुसऱ्याचे दुखणे विचारतो, त्याला पतियाळाला किंवा बी.पी.एड.ला पाठवायचे ठरवावे. तो सर्वात वेगवान असेलच असे नाही. शिट्टीसाठी तोच योग्य आहे.

जय भीम.