हप्त्याच्या पोटात काय असते?

घरासाठी कर्ज काढणारा माणूस बँकेत तीन आकडे पाठ करून येतो: रक्कम किती, दर किती आणि हप्ता किती. चौथा आकडा त्याला पुढे कधीतरी, खातेउतारा हातात पडल्यावर दिसतो. दर महिन्याला भरलेल्या रकमेतून मुद्दल किती कमी झाले, हा तो आकडा. तो पाहून भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. बँकेत नोकरी करताना असे चेहरे मी पुष्कळ पाहिले, आणि बहुतेकांच्या मनात एकच शंका असे: बँक आपले व्याज आधी वसूल करून घेते, मुद्दल मागे ठेवते आणि गिऱ्हाईक अडकून पडते. ही शंका समजण्यासारखी आहे, पण खरी नाही. हप्ता कसा काढतात हे एकदा नीट पाहिले की हे ध्यानात येते.

एक साधे उदाहरण घेऊ. ३० लाखांचे कर्ज, दर साल दर शेकडा ९ टक्के व्याज आणि मुदत २० वर्षे, म्हणजे २४० महिने. वर्षाला ९ टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. ३० लाखांचे पाऊण टक्का होतात २२,५०० रुपये. हे झाले पहिल्या महिन्याचे व्याज. बँकेचे ३० लाख महिनाभर आपल्याकडे राहिले, त्याचे हे भाडे. कर्जदाराने दरमहा नेमके २२,५०० रुपयेच भरले, तर कर्ज जन्मभर ३० लाखच राहील. ना वाढणार, ना घटणार. त्याला फेडायचे असेल तर २२,५०० च्या वर काहीतरी द्यावे लागेल. किती, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आवर्ती ठेवीत आहे. आपण तिला रिकरिंग म्हणतो. अशी कल्पना करा की भाडे म्हणून २२,५०० रुपये तर दरमहा जातातच, शिवाय आपण त्याच ९ टक्क्यांनी एक रिकरिंग खाते उघडले आहे. त्यात दरमहा किती टाकले म्हणजे २० वर्षांनी बरोबर ३० लाख जमतील? पाऊण टक्का महिना या दराने एक रुपया २४० महिन्यांत सहा रुपये एक पैसा होतो. म्हणजे मूळ रुपया वगळला तर वरचे पाच रुपये एक पैसा. याचा अर्थ असा, की दरमहाचे २२,५०० रुपये रिकरिंगमध्ये टाकत गेलो असतो तर ३० लाखांची पाचपट, दीड कोटीच्या थोडे वर जमले असते. आपल्याला तर ३० लाखच हवेत. म्हणून २२,५०० चा साधारण पाचवा हिस्सा पुरे. नेमका आकडा येतो ४,४९२ रुपये. २२,५०० आणि ४,४९२ यांची बेरीज २६,९९२. हाच तो मासिक हप्ता. आमच्या वेळी शाखेत यासाठी छापील कोष्टक असे. त्यात ९ टक्के आणि २० वर्षे यांच्यासमोर लाखाला ८९९ रुपये ७३ पैसे असा आकडा सापडायचा. तीसने गुणले की हेच उत्तर.

आता पहिल्या हप्त्याचा जमाखर्च मांडा. २६,९९२ भरले, त्यातले २२,५०० व्याजात गेले, ४,४९२ मुद्दलात. शंभर रुपयांतले त्र्याऐंशी रुपये व्याजात. बँकेने ते उचलून आधी घेतले असे नव्हे. त्या महिन्यात देणे सर्वांत जास्त होते म्हणून भाडेही सर्वांत जास्त होते. दुसऱ्या महिन्यात कर्ज २९ लाख ९५ हजार ५०८ उरले. त्याचे व्याज झाले २२,४६६, म्हणजे चौतीस रुपयांनी कमी. हप्ता मात्र तोच, म्हणून ते चौतीस रुपये मुद्दलाकडे वळले आणि मुद्दल ४,५२६ ने फिटले. दर महिन्याला असे थोडे थोडे व्याजाच्या वाटणीतून निघून मुद्दलाच्या वाटणीत जात राहते. सुरुवातीला ही चाल गोगलगायीची असते, शेवटी घोड्याची. अगदी शेवटच्या हप्त्यात व्याज असते फक्त २०१ रुपये.

मधला प्रवास पाहण्यासारखा आहे. पहिल्या पाच वर्षांत कर्जदार १६ लाख १९ हजार रुपये भरतो आणि कर्ज कमी होते ३ लाख ३९ हजारांनी. दहा वर्षे झाली, मुदत निम्मी सरली, तरी देणे २१ लाख ३० हजार असतेच. व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा मोठा होतो तो १४९ व्या हप्त्यात, म्हणजे तेराव्या वर्षाच्या पाचव्या महिन्यात. आणि कर्ज निम्मे होते ते चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर.

एक शिक्षक दांपत्य मला आठवते. पाच वर्षे हप्ते भरून झाले होते आणि घर विकून मोठे घर घ्यायचा त्यांचा विचार होता. बाईंनी उतारा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, सोळा लाख भरले आणि साडेतीन लाखसुद्धा फिटले नाहीत? मग आम्ही भरले ते गेले कुठे?" त्यांचे यजमान हळूच म्हणाले, "निदान व्याज तरी भरून संपलं असेल ना?" त्यांना वाटत होते की वीस वर्षांचे व्याज कुठेतरी एकरकमी ठरलेले आहे आणि ते आपण आधीच देऊन टाकत आहोत. तसे नसते. पाच वर्षांत दिलेले व्याज फक्त त्या पाच वर्षांचे होते. आज कर्ज बंद केले तर पुढच्या पंधरा वर्षांच्या व्याजातला एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि मागे दिलेल्यातला एक पैसाही जादा गेलेला नसतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल बँकांनी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ठरवून दिले आहे.

मग मुद्दल इतके सावकाश का फिटते? कारण आपण समान हप्ता मागितला. सोय कर्जदाराचीच आहे. दुसरी पद्धतही आहे: दरमहा मुद्दल समान, १२,५०० रुपये, आणि त्यावर उरलेल्या कर्जाचे व्याज. त्यात पहिला हप्ता ३५,००० चा पडतो आणि मग महिन्यागणिक घटत जातो. एकूण व्याज सुमारे २७ लाख ११ हजार. समान हप्त्यात ते ३४ लाख ७८ हजार होते. फरक पावणेआठ लाखांच्या घरातला आहे. पण नव्याने संसार मांडणाऱ्याला पहिल्याच महिन्यात आठ हजार जास्त कुठून आणायचे हा प्रश्न असतो. नोकरीच्या सुरुवातीला पगार लहान, कर्ज मोठे, म्हणून समान हप्ता सोयीचा. ही सोय महाग आहे, एवढेच.

आणि मुदत वाढवली की ती आणखी महाग होते. हप्ता झेपत नाही म्हणून लोक ३० वर्षांची मुदत मागतात. पण २२,५०० हे भाडे मुदत वाढवल्याने हलत नाही. कमी होते ती फक्त रिकरिंगची बाजू: ४,४९२ ऐवजी १,६३९. हप्ता येतो २४,१३९. महिन्याचे २,८५३ वाचले आणि शेवटपर्यंत भरायची रक्कम २२ लाखांनी वाढली. हा व्यवहार करण्याआधी घरातल्या दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे असे मला वाटते.

हेच गणित उलट बाजूने कर्जदाराच्या उपयोगीही पडते. समजा पहिल्या वर्षाच्या शेवटी बोनस आला आणि एक लाख रुपये जादा भरले. हा सगळा लाख मुद्दलातून वजा होतो. हप्ता तोच ठेवला तर कर्ज १९ हप्ते आधी संपते आणि व्याजात चार लाखांहून अधिक वाचतात. तोच लाख चौदा वर्षांनी भरला तर जेमतेम सहा हप्ते वाचतात. यात जादू काही नाही. दोन्ही वेळा त्या लाखाला ९ टक्केच सुटतात. पहिल्या वेळी एकोणीस वर्षे सुटतात, दुसऱ्या वेळी सहा. म्हणून तुलना करायची ती कर वजा जाता मुदत ठेवीवर हातात किती पडते याच्याशी. मात्र अडीअडचणीला लागणारा पैसा कर्जात घालू नये. तिथून तो सहजी परत निघत नाही. जादा रक्कम भरताना लेखी सांगावे: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला फक्त ९१७ रुपये कमी होतात आणि कर्ज जुन्याच तारखेला संपते.

आता जी गोष्ट उताऱ्यात चटकन दिसत नाही तिच्याकडे येतो. आपल्याकडची बरीचशी गृहकर्जे बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. अशा वेळी हप्ता वाढवला तर गिऱ्हाईक नाराज होते, म्हणून हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची असा प्रघात होता. आपल्या उदाहरणात एक वर्ष झाल्यावर दर ९ वरून ११ झाला असे धरा. त्या वेळी देणे आहे २९ लाख ४३ हजार ८१६. त्याचे ११ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते २६,९८५ रुपये. हप्ता आहे २६,९९२. म्हणजे मुद्दलात जातात सात रुपये. दर आणखी थोडा सरकला तर हप्ता व्याजालाही पुरत नाही, आणि नियमित भरूनही कर्ज वाढत जाते.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने यावर बंधन घातले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारावे लागते. मध्येच काही किंवा सगळी रक्कम भरण्याची वाटही द्यावी लागते. स्थिर दराकडे जाण्याची मुभाही २०२५ पर्यंत द्यावी लागत होती. मुदत वाढवताना हप्ता व्याजाला पुरतो आहे ना, हे बँकेने पाहायचे आहे. पण फोनवर येणारा संदेश बहुधा आपण न वाचता पुसून टाकतो. दर बदलल्याचा संदेश आला की उतारा मागवावा आणि त्यात दोनच गोष्टी पाहाव्यात: ताज्या हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले आणि शेवटच्या हप्त्याचे वर्ष कोणते लिहिले आहे. ते वर्ष निवृत्तीच्या पलीकडे गेलेले दिसले, तर हप्ता दोन-तीन हजारांनी वाढवून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.