पंप सुरू होताना मंदावणारा दिवा काय सांगतो?

विहिरीवरील पंपाची कळ दाबताच खोपीतील दिवा क्षणभर मंदावतो व पुन्हा पूर्ववत् होतो, हा अनुभव वीज पोहोचलेल्या प्रत्येक गावातील शेतकऱ्यास आहे. बहुतेकजण याची दोनच कारणे सांगतात. कोणी म्हणतो, "लाइनच कमजोर आहे." कोणी म्हणतो, "मोटर जड आहे, चालायचेच." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. दिवा मंदावतो ही एक साक्ष आहे. ती नीट वाचली तर दोष स्वतःच्या तारेत आहे, गावच्या लाइनीत आहे, की एखाद्या सैल सांध्यात आहे, हे बरेचसे घरबसल्या कळते. ती न वाचता स्टॅबिलायझर विकत घेणे किंवा फ्यूजची तार जाड करणे, हा पैशाचा अपव्यय तर आहेच, पण त्यात धोकाही आहे.

प्रथम मंदावण्याचे कारण पाहू. चिखलात उभी असलेली भरली गाडी हलविताना बैलांना जो जोर लावावा लागतो, तो गाडी चालू लागल्यावर लावावा लागत नाही. मोटरीचेही तसेच आहे. मोटरीच्या वेटोळ्यांतून निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कळ दाबताच पूर्ण वेगाने फिरू लागते. परंतु आतील रोटर त्या क्षणी स्थिर असतो. दोघांच्या वेगात जितके अंतर अधिक, तितका रोटरमध्ये उत्पन्न होणारा प्रवाह अधिक, व तितकाच तारेतून ओढला जाणारा प्रवाहही अधिक. म्हणून प्रारंभी मोटर नेहमीच्या चार ते सहापट प्रवाह घेते. रोटर वेग घेऊ लागला की ही ओढ कमी होते आणि एखाद्या सेकंदात प्रवाह आपल्या नेहमीच्या मानावर येतो.

आता हा वाढीव प्रवाह ज्या तारेतून येतो, तिलाही स्वतःचा विरोध असतो. लांब व अरुंद नळाच्या टोकाशी मोठी तोटी उघडली की शेजारच्या लहान तोटीची धार मंदावते, त्याप्रमाणेच लांब व बारीक तारेच्या टोकाशी मोटर सुरू झाली की त्याच तारेवरील दिव्यास मिळणारा दाब घटतो. ही घट तारेचा विरोध व तिच्यातून वाहणारा प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्टी उलगडतात.

एक उदाहरण घेऊ. मीटरापासून शंभर मीटर अंतरावर विहीर आहे व तेथे एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप बसविला आहे. तार अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियमची. प्रवाहास जाण्याची व येण्याची अशी दोनशे मीटर तार ओलांडावी लागते, आणि एवढ्या तारेचा विरोध सुमारे 2.4 ओहम भरतो. पंप चालू असता तो सहा अँपिअर घेतो असे धरले, तर वाटेतच सुमारे 14 व्होल्ट खर्ची पडतात. मीटरापाशी 228 व्होल्ट असले तरी पंपास 214 च मिळतात. आणि सुरुवातीच्या क्षणी? तेव्हा प्रवाह वीस-पंचवीस अँपिअरच्या घरात जातो व विहिरीवरील दाब 185 व्होल्टच्या आसपास उतरतो.

185 व्होल्टवर तारेचा जुना पिवळा बल्ब निम्म्याहूनही कमी प्रकाश देतो, कारण त्याचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. पण दिव्याचे दुःख क्षणाचे आहे. खरा त्रास मोटरीचा आहे. मोटरीचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब चार पंचमांश झाला की जोर दोन तृतीयांशाहूनही थोडा खालीच येतो. अशा वेळी मोटर गुणगुणत, रेंगाळत उठते; जितकी रेंगाळेल तितका वेळ ती जादा प्रवाह ओढते व तितकी तापते. रोज चार वेळा असे होत गेले की वेटोळ्यांवरील आवरण करपते, आणि एके दिवशी मोटर जळाली म्हणून आपण कारागिराकडे जातो. कारागीर ती पुन्हा भरून देतो. तार मात्र तीच राहते.

याच ठिकाणी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, तर विरोध 0.9 ओहमवर येतो. सुरू होताना विहिरीवर सुमारे 212 व्होल्ट टिकतात व पंप चालू असता घट पाच-सहा व्होल्टांचीच राहते. सहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तारही जवळजवळ हेच काम करते व ती स्वस्त पडते. शिवाय आधीची बारीक तार पंप चालू असेतो सुमारे 87 वॅट वीज केवळ स्वतः तापण्यात घालवीत होती. नव्या तारेत ती 33 वॅटांवर येते. मीटर या वाया गेलेल्या विजेचेही पैसे आकारतो, हे विसरू नये.

आता साक्ष कशी वाचावयाची ते पाहू. याकरिता एक दिवा मीटरापाशी व एक विहिरीपाशी लावावा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. आजकालचे चांगले एलईडी दिवे दाब बराच उतरला तरी आपला प्रकाश कायम राखतात. त्यामुळे दिवा मंदावला नाही म्हणून दाब उतरला नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. परीक्षेपुरता जुना तारेचा बल्ब वापरावा, किंवा सॉकेटमध्ये खोचावयाचा लहान व्होल्टमीटर आणावा. मात्र अंकी मीटरचे आकडे सावकाश बदलतात व क्षणाची घट त्यांत बहुधा सापडत नाही. म्हणून पंप स्थिर चालू असतानाचे आकडे दोन्ही ठिकाणी टिपून घ्यावेत. ते अधिक भरवशाचे असतात.

विहिरीवरील दिवा मंदावला व मीटरापाशील दिवा जवळजवळ तसाच राहिला, तर दोष मीटर व विहीर यांमधील आपल्याच तारेत अथवा सांध्यांत आहे. वरील उदाहरण याच प्रकारचे होय. तार पुरेशी जाड असूनही घट अधिक दिसली, किंवा पंप चालू असताना दिवा अनियमित लुकलुकू लागला, तर सांधे तपासावेत. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली असली की तो सांधा काही पावसाळ्यांत खराब होतो व तापू लागतो. आवरण काळवंडणे व जळका वास येणे ही त्याची खूण. हे काम मुख्य कळ बंद करून, परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

दोन्ही दिवे सारखेच मंदावले व शेजाऱ्यांच्या घरीही तोच अनुभव आला, तर घट आपल्या तारेत नसून वितरणाच्या लाइनीत अथवा रोहित्रात आहे. तीन फेजचा पुरवठा पाळीने येतो अशा गावी याचे एक ठळक कारण आढळते. पुरवठा येताच आपोआप चालू होणारे स्टार्टर पुष्कळांनी बसविलेले असतात. वीज येताक्षणी एका रोहित्रावरील वीस-पंचवीस मोटरी एकदम उठू पाहतात. प्रत्येक पाचपट प्रवाह मागते. दाब कोसळतो, व त्यामुळे कोणतीच मोटर लवकर वेग घेत नाही. रोहित्र जळण्याचे बीज अशाच वेळी पेरले जाते. याचा उपाय एकट्याचा नसून रोहित्रावरील सर्वांचा आहे. वेळ लावून ठेवता येणारे स्टार्टर बसवून प्रत्येकाने अर्ध्या-पाऊण मिनिटाचे अंतर आपसांत वाटून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन अशी यादी करून दिली, तर खर्च थोडा व लाभ सर्वांचा होईल.

तिसरी साक्ष सर्वांत गंभीर आहे. पंप सुरू होताना काही दिवे मंदावतात आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरील दिवे, मग ते त्याच घरातील असोत वा शेजारच्या, अधिक प्रखर होतात, असे दिसले तर न्यूट्रल तार सैल झाली आहे किंवा तुटली आहे असे समजावे. अशा वेळी एका फेजचा घटलेला दाब दुसऱ्या फेजवर चढतो व तेथील उपकरणे जळतात. मुख्य कळ तत्काळ बंद करून वीज वितरण कंपनीस कळवावे व शेजाऱ्यांनाही सावध करावे. न्यूट्रलऐवजी जमिनीत रोवलेली सळई जोडून काम भागविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तिने माणसे व जनावरे दगावण्याचा धोका असतो. ती सर्वथा त्याज्य मानावी.

मंदावणे किती वेळ टिकते, हेही पाहावे. एखाद्या सेकंदात दिवा पूर्ववत् झाला तर चिंतेचे कारण नाही. एवढे प्रत्येक मोटरीबरोबर होणारच. पूर्वी जो दिवा चटकन सावरत होता तो आता पाच-सात सेकंद घेऊ लागला व मोटर गुणगुणत राहिली, तर कपॅसिटर दुर्बल झाला आहे, बेअरिंग जड झाले आहे, की पंपात गाळ अडकला आहे, हे तपासावे. येथे तार बदलून काही साधणार नाही.

आता रूढ उपायांविषयी. स्टॅबिलायझर पंपापाशी दाब वाढवितो खरा, पण त्यासाठी तो त्याच बारीक तारेतून अधिक प्रवाह ओढतो, म्हणजे तारेतील घट आणखी वाढते. जाड फ्यूज घालणे म्हणजे राखणदारास निजविणे होय. आणि मोठी मोटर आणणे हा तर उलटाच उपाय झाला. तिची प्रारंभीची ओढ अधिक मोठी.

लाइनीचा दोष असेल तेथे कंपनीकडे तक्रार अवश्य करावी. तो ग्राहकाचा हक्क आहे. पण "दाब कमी येतो" एवढेच लिहिलेल्या अर्जापेक्षा, पंप बंद व चालू असताना मीटरापाशी कोणत्या तारखेस, किती वाजता, किती व्होल्ट होते हे लिहिलेला अर्ज अधिक वजनदार ठरतो. 230 व्होल्टच्या वरखाली सहा टक्के, म्हणजे 216 ते 244 व्होल्ट, ही कमी दाबाच्या पुरवठ्याची रूढ मर्यादा आहे. मीटरापाशीच आकडा तिच्या खाली असेल तर बोट लाइनीकडे दाखवावे. मीटरापाशी तो मर्यादेत असून विहिरीवर खाली असेल, तर प्रथम आपली तार बदलावी.